पडदा काळा झाल्यावर

कौमुदीने हेडफोन कानावर चढवले आणि शिरीषदादांचा आवाज आला. "गुड मॉर्निंग, एव्हरीवन." घसा पार खरवडलेला, पण आवाज त्यांचाच. तिने लगेच पॉज दाबलं आणि उगीचच खिडकीबाहेर कॉलेजच्या पार्किंगकडे बघत बसली.

रेकॉर्डिंगनंतर आठवड्याच्या आत शिरीषदादांचं ऑपरेशन झालं होतं. कॅन्सरपायी सगळं स्वरयंत्रच काढलं. आता गळ्याला पाडलेल्या भोकातून श्वास आणि पांढऱ्या फळ्यावर लिहून बोलणं. आणि एवढं सोसून वर डॉक्टर म्हणाले की तो पसरलाय. आता काय बोलायचं, सांगा!

आयुष्यभर औषधांच्या कारखान्यात काम केलेला हा माणूस. कॉलेजने तिथे नव्याने लागणाऱ्यांसाठी ऑनलाइन कोर्स काढला, तेव्हा "ग्लोव्हज कसे घालायचे हे मी शिकवणार, दुसऱ्या कुणाला जमत नाही," असं म्हणून त्यांनी तो धडा ओढूनच घेतला. त्यांच्या स्लाइड आणि त्यांचा आवाज घेऊन त्याचा नीट व्हिडिओ बनवणं हे कौमुदीचं काम. तिनेच त्यांना फोनवर सांगितलं होतं, "वेगळं काही नको, दादा. पॉवरपॉइंटमध्येच रेकॉर्ड दाबा आणि आरामात बोलत सुटा. बाकी मी बघते."

आणि काल त्यांच्या बायकोचा, सरितावहिनींचा, नावनच्या घरून फोन आला. "कौमुदी, शेवटी थँक यू म्हणून झाल्यावर तो आमच्या स्वरालीसाठी काहीतरी बोललाय. मराठीत. मला खोलीबाहेर काढलं होतं. तेवढं कापून मला दे गं, कोर्समध्ये नको जायला. ती मोठी झाली की देईन. मी नाही ऐकणार."

"हो वहिनी, ग्रँड," कौमुदी इथल्या लोकांसारखं, चालेल या अर्थाने म्हणाली होती. तिच्या लेखी ते पाच मिनिटांचं काम होतं.

ती नेहमीच्या पद्धतीने कामाला लागली. फाईलची कॉपी करून तिच्या नावाचं शेपूट बदलून झिप केलं, की आत प्रत्येक स्लाइडचा आवाज वेगळ्या तुकड्यात सापडतो. ते तुकडे काढले, मागची, घर गरम ठेवणाऱ्या बॉयलरची घरघर कमी केली, बारीक झालेला आवाज वर आणला. धापा आणि श्वास काढणारं फिल्टर सगळ्यांवर एकदमच चालवलं. मग स्लाइडची चित्रं टाइमलाइनवर मांडली, खाली आवाज लावला आणि ऐकायला बसली.

"सो युवर ग्लोव्ह इज टोर्न. व्हॉट डू यू डू फर्स्ट?" शिरीषदादांनी विचारलं. स्लाइड बदलली. "अँड ओन्ली देन यू टेल युवर सुपरवायझर."

अहो, पण आधी काय करायचं? ते कुठे गेलं? फिल्टरने खाल्लं असेल म्हणून तिने मूळ तुकडा ऐकला. तोही तसाच. पुढची स्लाइडही तशीच: प्रश्न आहे, उत्तर नाही. त्याच्या पुढचीही तशीच.

मग तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. शिरीषदादांची शिकवायची सवयच ती! प्रश्न टाकायचा, क्लिक करायचं आणि स्लाइड बदलता बदलता उत्तर द्यायचं, म्हणजे पोरं डोळे वर करून बघतात. वर्गात छानच. पण पॉवरपॉइंट आवाज स्लाइडला बांधून ठेवतो. एक स्लाइड जाऊन दुसरी येईपर्यंत तो ऐकतच नाही. त्यात कॉलेजच्या साच्यात प्रत्येक स्लाइड हळूहळू विरघळत बदलते. तो साचा कौमुदीनेच केलेला, दिसायला बरा दिसतो म्हणून. आणि "स्लाइड बदलताना थांबा" हे एक वाक्य सांगायचं ती विसरली होती.

तिने घाईघाईने शेवटचा तुकडा उघडला. "थँक यू." संपला. पुढे काही नाही. तिने सगळे तुकडे धुंडाळले, झिप पुन्हा उघडलं, दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडलं. मराठीचा एक शब्द नव्हता. बाथरूममध्ये जाऊन ती रडली. स्वतःला चार शिव्या घातल्या. फोनवर सांगायची तिला लाज वाटली, म्हणून शनिवारी टॅलाच्या आपल्या घरून गाडी काढून ती सकाळीच नावनला गेली.

सरितावहिनींनी चहा टाकला, पोहे पुढे केले. स्वराली सोफ्यावर पाय वर घेऊन टॅबलेट बघत होती. शिरीषदादा खुर्चीत बसले होते, गळ्यावर जाळीचा रुमाल. कौमुदीला बघून त्यांनी फळ्यावर लिहिलं, "धडा कसा झालाय?"

तिने सगळं सांगितलं. आपण काय सांगायला विसरलो तेही सांगितलं. तिने मान वर केली तेव्हा वहिनींच्या हातातलं चहाचं गाळणं तसंच होतं.

"म्हणजे नाहीये?" वहिनी म्हणाल्या.

"दादा, थँक यू नंतर तुम्ही क्लिक केलंत का?"

शिरीषदादांनी होकारार्थी मान हलवली आणि लिहिलं, "घरचं बोलणं धड्यात नको. म्हणून आधी स्लाइड संपवली. पडदा काळा झाल्यावर बोललो."

"शेवटच्या स्लाइडनंतर रेकॉर्डिंग बंद होतं, दादा."

शिरीषदादांनी फळा पुसला.

"मग आता लिही ना!" वहिनींचा आवाज चढला. "काय बोलला होतास ते लिही. तेवढं तरी लिही!"

शिरीषदादांनी दोन ओळी लिहिल्या, वाचल्या आणि बाहीने पुसल्या. परत लिहायला घेतलं आणि तेही पुसलं. शेवटी लिहिलं, "तेव्हा आवाज जाणार म्हणून बोललो. आता तसं येत नाही." आणि खाली, "उत्तरं मी लिहून देतो. स्लाइडवर घाल. कुणी फाटक्या ग्लोव्हने काम करायला नको."

कौमुदी हो म्हणाली. दुसरं काय म्हणणार?

"मला ऐकव," वहिनी म्हणाल्या. "शेवटचं जे काही आहे ते. मला स्वतः ऐकू दे."

कौमुदीने लॅपटॉप उघडला. साफ केलेला तुकडा या घरात लावायचं तिच्या जिवावर आलं, म्हणून तिने मूळ तुकडा लावला आणि आवाज पूर्ण वर केला. बॉयलरची घरघर आली. "थँक यू." मग, तिने ऑफिसात घाईघाईत ऐकलाच नव्हता असा, एक श्वास. तोंडाने आत घेतलेला, खोल, लांब, बोलायच्या आधी माणूस घेतो तसा. आणि क्लिक.

ज्या कामाचा तिला पगार मिळतो, त्यातच साफ केलेल्या तुकड्यातून तो पुसला गेला होता.

"पुन्हा," वहिनी म्हणाल्या. तिने पुन्हा लावलं.

स्वरालीने टॅबलेटवरून डोळे वर केले. "इज दॅट डॅड? व्हॉट वॉज ही गोइंग टू से?"

शिरीषदादांच्या गळ्यावरचा रुमाल आत ओढला जात होता, बाहेर येत होता. फळा त्यांच्या मांडीवर कोरा होता.

वहिनींनी गाळणं सिंकमध्ये ठेवलं आणि हात पुसले. "तेवढाच कापून दे मला," त्या म्हणाल्या. "श्वास. क्लिकच्या आधी थांबव."