झाकणाखालचं पाणी

मलाजखंडच्या तांब्याच्या खाणीवरल्या एका कँटीनचं इंग्रजी रेसिपी कार्ड तिथे भाषांतराचं काम करणाऱ्या प्राचीने मुख्य स्वयंपाकीण विमलाबाईंसाठी मराठीत उतरवलं होतं. शंभर ताटांची डाळ, ताटाला दीडशे ग्रॅम, म्हणजे तयार डाळ बरोबर पंधरा किलो. पण गंजाचं, म्हणजे मोठ्या पातेल्याचं, वजन वगळूनही काट्यावर भरली सोळा, आणि पातळही झाली.

"मी तं कार्डावर लिवलं तसंच केलं," विमलाबाई फणकारल्या.

प्राचीने दोन्ही कार्डं शेजारी ठेवून पाहिली. डाळ, पाणी, मीठ सगळं जुळत होतं. शेवटच्या ओळीत मात्र मूळ कार्ड सांगत होतं, मंद आचेवर वीस मिनिटं उघडी शिजवा. तिने लिहिलं होतं, झाकून. उघड्या डाळीला नजर लागते, असं मानणाऱ्या घरात ती वाढलेली. हात सवयीने लिहून गेला होता.

दुसऱ्या दिवशी मापं तीच, मिनिटंही वीसच, फक्त झाकण बाजूला. वाफ छतापर्यंत चढत राहिली. मग गंज काट्यावर चढला आणि डाळ नेमकी पंधरा किलो भरली.

"एवढ्याशा शब्दात किलोभर पाणी होतं काय, पोरी?" विमलाबाईंनी हळूच विचारलं.

"हौ," प्राची म्हणाली, आणि पुढचं कार्ड तिने दोन्ही हातांनी उचललं.