अर्धा अर्ज मंजूर

अंबडच्या त्या ट्रान्सफॉर्मर कारखान्यात व्हार्निशच्या खोलीत काडी ओढायची सोय नव्हती. ठिणगी पडली तर अख्खी शेड पेटली असती. म्हणून पुरुषमंडळी बिडी ओढायला पॅसेजमध्ये उभी राहायची. आणि पॅसेजचा धूर वाइंडिंगच्या पंख्यांना भारी आवडायचा. तो थेट तांब्याची तार गुंडाळत बसलेल्या मोहिनीच्या नाकात यायचा.

मोहिनीने आयुष्यात बिडी ओढली नव्हती, तरी तिची छाती मात्र ओढणाऱ्यासारखी वाजायची. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं, "एक तर धूर सोडा, नाहीतर नोकरी." नोकरी सोडणं तिला परवडणारं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर सोडायचीही नव्हती. इतकी सफाईदार कॉइल त्या शेडमध्ये दुसरं कोण बांधत होतं?

मग तिने अर्ज लिहिला. पहिल्या परिच्छेदात म्हटलं: संपूर्ण आवार, साहेबांच्या केबिनसकट, धूम्रपानमुक्त करावं, गेल्या वर्षापासून तसा सरकारी नियमही आहे. दुसऱ्या परिच्छेदात लिहिलं: ज्यांना सोडायचं आहे त्यांना कंपनीच्या डॉक्टरांकडून सल्ला आणि औषध मिळावं, तेही ड्युटीच्या वेळात.

अर्ज साहेबांच्या टेबलावर पोचायच्या आत बातमी व्हार्निशच्या खोलीत पोचली. युनियनचा सेक्रेटरी रावजी चहाच्या वेळी तिच्या मशीनपाशी येऊन उभा राहिला.

"मोहिनीताई, आमच्या पोटावर पाय द्यायला निघाल्या का?"

"पोटावर नाही, रावजीभाऊ. छातीवर ठेवलेला पाय काढा म्हणतेय."

"बिडीची पाच मिंटं हायेत म्हणून माणूस त्या वासातून बाहेर पडतो. बिडी गेली की सुट्टी गेली. साहेब काय नुसतं हवा खायला सोडणार हायेत?"

मोहिनीचे हात थांबले. हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. इतकी वर्षं ती बिडी ओढत नव्हती म्हणून तिला कुणी उठूच दिलं नव्हतं.

"मग पाच मिनिटं सगळ्यांना मागू," ती म्हणाली. "मलाही."

रावजी हसायला गेला आणि खोकत बसला. खोकला थांबल्यावर हळूच म्हणाला, "मी तीनदा सोडली. दोन दिस झाले की हात असे थरथरतात, ब्रश धरता येत नाय. लय वंगाळ."

"म्हणून तर दुसरा परिच्छेद लिहिलाय."

आठवड्याने मॅनेजर कोठावदे साहेबांनी दोघांना केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर रक्षापात्र होतं आणि शेजारी नवाकोरा पांढरा फलक.

"घ्या, तुमचा अर्ज मंजूर! आवारात ओढेल त्याला दंड."

"आणि दुसरा परिच्छेद, साहेब?"

"बाई, कंपनी काय दवाखाना आहे? ज्याला सोडायची तो सोडेल."

मोहिनीने फलक वाचला. येथे धूम्रपान करणे अपराध आहे. तक्रार कोणाकडे करावी, हेही नियमाप्रमाणे लिहिलं होतं: श्रीमती मोहिनी खैरनार, वाइंडिंग विभाग.

तिला साहेबांचं कौतुकच वाटलं. बिडी ओढणारे तिच्या अंगावर, ती त्यांच्या अंगावर, आणि साहेब केबिनमध्ये निवांत.

"माझं नाव काढा," ती म्हणाली.

"का? मागणी तुमचीच ना?"

"मागणी माझी, आवार तुमचं. इथले प्रमुख तुम्ही. लोकांना घाबरवायला मी अर्ज केला नव्हता. अर्धा अर्ज मंजूर करायचा असेल तर तो मला परत द्या, मी वर मुंबई ऑफिसला पूर्ण पाठवते."

"त्या पत्रावर युनियनची बी सही राहील," रावजी म्हणाला. त्याने हे आधी ठरवलं नसावं. मोहिनीइतकाच तोही दचकलेला दिसला. "अन् पगारातून दंड असाच कापता येत नाय, साहेब."

साहेबांनी सवयीने सिगारेटचं पाकीट उचललं, फलकाकडे पाहिलं आणि पाकीट तसंच खाली ठेवलं.

"डॉक्टर मंगळवार-शुक्रवार येतातच," शेवटी ते म्हणाले. "तीन महिने बघू."

"आणि पाच मिनिटं?"

"सगळ्यांना. अजून काही?"

"ते रक्षापात्र," मोहिनी म्हणाली.

नवा फलक कोठावदे साहेबांच्या नावाने लागला. पहिल्या शुक्रवारी डॉक्टरांच्या दारात व्हार्निशचे चौघे होते. निकोटिनची गोळी हळू चघळायची, तिखट लागली की गालात दाबून ठेवायची, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. रावजीने ती चण्यासारखी कराकरा चावली आणि दुपारभर उचक्या देत राहिला. "घरी कोण आठवण काढतंय?" म्हणून वाइंडिंगच्या बायकांनी त्याला सळो की पळो करून सोडलं.

दोन आठवड्यांनी तो मशीनपाशी आला तेव्हा तोंड पडलेलं होतं.

"काल गेटाबाहेर ओढली, ताई. दोन. आता कुठल्या तोंडाने जाऊ डॉक्टरकडं?"

तिच्या छातीत अजून थोडं घरघरत होतं. पण सकाळपासून तिने एकदाही श्वासाचा पंप काढला नव्हता. तिने मशीन बंद केलं.

"याच तोंडाने," ती म्हणाली. "आज शुक्रवार आहे. चला, माझीही पाच मिनिटं आहेत, दारापर्यंत येते."