आडवी झालेली रेघ

परीक्षेच्या खोलीत व्हर्ना लाहटीला तोंड उघडायची मुभा तीनदाच होती. सुरू करा, पंधरा मिनिटं राहिली, पेन्सिली खाली ठेवा. तिन्ही वाक्यं कॉलेजने तिला एका कार्डावर छापून दिली होती, जणू तेवढं तिला पाठ होणार नव्हतं. बाकी वेळ फेऱ्या मारायच्या, कुणाच्या बाहीत काही नाही ना ते बघायचं आणि गप्प राहायचं. छतावरचा कॅमेरा तिच्यावरही रोखलेला असे. गेल्या वर्षी एका पर्यवेक्षकाने एका पोराच्या उत्तरावर नुसतं बोट टेकवलं होतं. पोराचा पेपर रद्द झाला आणि पर्यवेक्षकाची नोकरी गेली.

सेमिस्टरभर व्हर्ना खालच्या मजल्यावरच्या शिकवणी केंद्रात बसायची. कागदाच्या गिरणीत मोजमापाच्या यंत्रांवर तीस वर्षं काढून ती निवृत्त झाली होती. घरी बसून नवऱ्याच्या मासेमारीच्या गप्पा ऐकण्यापेक्षा गणित बरं, असं ती उघड म्हणायची. डिसेंबरात परीक्षा आल्या की कॉलेज तिलाच वर पाठवायचं, कारण माणसं कमी होती.

तिसऱ्या रांगेत खिडकीशी डीना रस्क बसली होती. छत्तीस वर्षांची, वृद्धाश्रमात मदतनीस. तिथल्या म्हाताऱ्यांना श्वास लागला की धावत यायचे ते श्वसनोपचारवाले, आणि डीना बाजूला उशी धरून उभी राहायची. तिला त्यांच्यातली एक व्हायचं होतं. त्या अभ्यासक्रमात शिरायला बीजगणितात शंभरात सत्तर हवे होते, त्याखाली म्हणजे नापास, आणि दोनदा नापास झालेल्याला ते घेत नसत. एकदा ती नापास झालेली होती.

सहा आठवडे व्हर्नाने तिला शिकवलं होतं. पहिल्या दिवशी डीना म्हणाली होती, "व्हर्नाबाई, आधीच सांगते, माझ्या डोक्यात भुसा भरलाय."

"भुसा बरा. ओला झाला की निदान फुगतो," व्हर्ना म्हणाली होती. "माझ्या नवऱ्याच्या डोक्यात तोही नाही. बस खाली."

डीनाला सगळ्यात जास्त भीती आलेखाची होती. समोर एक वळणावळणाची रेघ, आणि म्हणे हिचं सूत्र लिहा. व्हर्नाने तिला बोट धरून चालवलं. "हे बघ, आधी रेघ आडव्या अक्षाला कुठे कुठे भेटते ते लिही. ती झाली शून्यं. एका शून्याचा एक अवयव. नुसती टेकून माघारी वळली तर त्या अवयवाचा वर्ग. ओलांडून पलीकडे गेली तर घात एक. समोर एक a ठेव, कारण शून्यं तीच ठेवून रेघ हवी तेवढी ताणता येते, दाबता येते. किती ताणलीय ते कळायला आलेखावरचा आणखी एक बिंदू घाल आणि a काढ. संपलं."

"टेकली तर दोन, ओलांडली तर एक," डीनाने घोकलं होतं.

पुस्तकात त्याच पानावर खाली तिसरं चित्र होतं. रेघ अक्षापाशी येते, क्षणभर त्याच्यावर आडवी होते आणि मग पलीकडे जाते. तिथे घात एक नसतो, तीन असतो, निदान तीन. डीनाने त्या चित्रावर बोट ठेवून विचारलं होतं, "आणि हे काय?"

व्हर्नाने तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं होतं. ओलांडण्याचे दोन प्रकार असतात म्हटलं असतं तर ती पुन्हा पहिल्या पायरीवर घसरली असती. जुने आठ पेपर व्हर्नाने चाळले होते, एकातही तसली रेघ नव्हती. "ते सोड," ती म्हणाली होती. "ते येत नाही." आणि पान उलटलं होतं. वर आणखी एक शहाणपण शिकवलं होतं: a नीट पूर्णांक आला तर समज बरोबर आहेस, वेडावाकडा अपूर्णांक आला तर परत बघ. त्या आठांपैकी पाच पेपरांना तो तोडगा चाललाही होता.

आता फेरी मारता मारता व्हर्ना डीनाच्या मागे आली, आणि तिची नजर सातव्या प्रश्नावर गेली. कमीत कमी घाताची बहुपदी लिहा, दहा गुण. रेघ डावीकडून खालून वर येत होती, उणे एकला अक्षाला टेकून परत खाली वळत होती, उभ्या अक्षाला उणे चारवर छेदत होती, किंचित पुढे जाऊन वर चढत होती. आणि दोनपाशी येऊन ती अक्षावर आडवी झाली होती. अगदी स्पष्ट. झोपल्यासारखी आडवी, आणि मग उठून पलीकडे.

व्हर्नाची नजर खाली, उत्तरावर गेली.

डीनाने नेटक्या अक्षरात लिहिलं होतं: a(x + 1)²(x − 2). टेकली तर दोन, ओलांडली तर एक. खाली तिने x च्या जागी शून्य घातलं होतं. 1 गुणिले −2 गुणिले a, बरोबर −4. म्हणून a = 2. छान, गुळगुळीत, पूर्णांक दोन. त्याला तिने चौकटही केली होती.

खरं सूत्र होतं (x − 2) चा घन घेऊन. मग तेच शून्य घातलं की −8a बरोबर −4 येतं, आणि a निघतो अर्धा. अपूर्णांक. म्हणजे डीनाने बरोबर लिहिलं असतं, तरी व्हर्नाच्या शहाणपणाने तिने ते खोडलंच असतं. टोकं बघून कळावं म्हटलं तर तेही नाही: एकूण घात तीन घ्या की पाच, दोन्ही विषम, रेघ डावीकडे खालीच जाणार आणि उजवीकडे वरच. पेपर काढणाऱ्याने मुद्दाम सापळा लावला असता तरी इतका बेमालूम जमला नसता. आणि त्यात पाय अडकवायला व्हर्नानेच शिकवलं होतं.

ती पुढे चालत राहिली, कारण थांबणं म्हणजे खूण. तिला स्वतःची इतकी चीड आली की कार्ड हातात चुरगळलं. खोकावं का? खोकून काय कळणार होतं? बोट ठेवावं, तर डीनाचा पेपरच रद्द. गिरणीत यंत्र चुकीचा दाब दाखवायला लागलं की व्हर्ना झडप बंद करायची, शिट्टी वाजवायची, माणसं बाहेर काढायची. इथे सगळं डोळ्यांसमोर बिघडत होतं आणि तिचं काम होतं चालत राहणं.

पंधरा मिनिटं राहिली तेव्हा तिने कार्डावरचं वाक्य म्हटलं, आणि तिच्या तोंडून कार्डावर नसलेलं एक वाक्य निघून गेलं. "उत्तरं पडताळून बघा."

सगळ्या खोलीला उद्देशून, भिंतीकडे बघत.

डीनाने मान वर केली आणि आज्ञाधारकपणे सातव्या प्रश्नाकडे परत गेली. व्हर्ना लांबून बघत राहिली. एक घाल गं, ती मनात म्हणत होती, x च्या जागी एक घाल. आलेखावर एकपाशी रेघ नेमकी चौकटीच्या कोपऱ्यातून जातेय, उणे दोनवरून. तुझ्या सूत्रातून येतील उणे आठ. एवढा फरक तुला दिसेल.

डीनाने शून्य घातलं. ज्या बिंदूवरून a काढला तोच बिंदू. उणे चार आले. येणारच होते, सूत्र कितीही चुकलं असलं तरी येणार होते. तिने चौकटीशेजारी बरोबरची खूण केली आणि पान उलटलं. पडताळा कसा घ्यायचा हे दाखवताना व्हर्ना नेहमी शून्यच घालायची, कारण शून्य सोपं पडतं.

पेपर देताना डीना पुटपुटली, "आलेखाचा मस्त आला, बाई. दोन. एकदम स्वच्छ." व्हर्नाने वेळेचा शिक्का मारला. मग पेपर गठ्ठ्यावर ठेवला.

दुसऱ्या दिवशी ती गणित विभागात प्रोफेसर इंगब्रेटसनांकडे गेली. माणूस वाईट नव्हता, त्यांनी तिला कॉफी दिली.

"चूक तिची नाही, माझी आहे," व्हर्ना म्हणाली. "ते पान मीच उलटलं."

"असेल. पण मी गुण कुणाला देऊ, व्हर्ना? तुम्हाला? पेपरवर तिचं नाव आहे." त्यांनी पेपर पुन्हा काढला, पुन्हा वाचला. "शून्यं बरोबर, वर्ग बरोबर, रीत बरोबर. दहापैकी पाच आधीच दिलेत. एकूण सदुसष्ट. बाकी कुठे तीन सापडतात का तेही मी बघितलं. खरंच बघितलं."

"मग सगळ्यांना सांगा ना, तो प्रश्न काढून टाका."

"वर्गातल्या निम्म्या पोरांनी तो बरोबर सोडवलाय."

व्हर्नाने कॉफीचा कप खाली ठेवला आणि ती उठली.

शुक्रवारी दुपारी डीना शिकवणी केंद्रात आली. बाहेर बर्फ भुरभुरत होतं, तिच्या खांद्यावर वितळत होतं. रडून झालेलं दिसत होतं. पुस्तक परत करायला आले म्हणाली.

"तुम्ही जीव तोडून शिकवलंत, बाई. माझंच डोकं नाही."

"डोक्याला काही झालेलं नाही तुझ्या," व्हर्ना म्हणाली. "मी तुला अर्धवट शिकवलं. ओलांडण्याचे दोन प्रकार असतात. तू घाबरशील म्हणून मी दुसरा लपवला."

डीना कोट न काढताच खुर्चीवर बसली. "दाखवा."

व्हर्नाने चौकटीचा कागद ओढला आणि ती रेघ काढली. दोनपाशी आडवी केली. "सरळ सुरीसारखी ओलांडली तर एक. अशी आडवी होऊन गेली तर तीन."

डीनाने पेन्सिल घेतली. a(x + 1)²(x − 2)³. शून्य घातलं, a अर्धा आला. ती थबकली, व्हर्नाकडे बघितलं.

"अपूर्णांक चालतो," व्हर्ना म्हणाली. "तेही मी चुकीचं सांगितलं होतं. आता दुसरा कुठलाही बिंदू घालून बघ. शून्य नको."

डीनाने एक घातला. दोनाचा वर्ग चार, उणे एकचा घन उणे एक, अर्ध्याने गुणून उणे दोन. तिने आलेखावर बोट सरकवत नेलं. उणे दोन. रेघ तिथूनच जात होती.

"एवढंच होतं?" ती म्हणाली.

"एवढंच."

"तीन मिनिटं लागली मला."

"हो."

डीनाने सूत्राला चौकट केली, जशी परीक्षेत केली होती, कागद उचलला आणि समोर धरला. "बरोबर आहे ना हे?"

"बरोबर आहे."

"मग आता हे कुणाला देऊ, बाई?"

व्हर्नाने हात पुढे केला आणि कागद घेतला, कारण तिथे दुसरं कुणीच नव्हतं.