वळवणारा व्हॉल्व्ह

अभय सरांचं पत्र वाचलं की माणसाला वाटावं, जगात सगळं आलबेल आहे. ‘किरकोळ सुधारणांसह सुधारित आकृती सोबत जोडली आहे, कृपया अवलोकन व्हावे.’ वाघोलीच्या डेअरीचे मालक संपतराव यांचं उत्तर दहा मिनिटांत आलं: ‘पाहिली. छान आहे.’

कर्वेनगरच्या छोट्या डिझाइन ऑफिसात सरांच्या हाताखाली काम करणाऱ्या रुमानाने कपाळावर हात मारला. छान म्हणजे मंजुरी नव्हे. शिवाय ती किरकोळ सुधारणा म्हणजे तिच्याच घोडचुकीची दुरुस्ती होती. डेअरीच्या नव्या यंत्रणेत दूध बहात्तर अंशांना तापवून पंधरा सेकंद एका लांब नळीतून न्यायचं. नीट तापलं नसेल तर एक व्हॉल्व्ह ते परत टाकीत वळवतो. हा व्हॉल्व्ह नळीच्या नंतर हवा. पहिल्या आकृतीत तिने तो नळीच्या आधी दाखवला होता. नळीत दूध निवलं तर अडवणारं कुणी नाही, थेट पिशवीत. संपतरावांनी त्या आकृतीवर सही केली होती आणि सोमवारी वेल्डर येणार होता.

“चूक झाली असं क्लायंटला लिहायचं नसतं,” सर म्हणाले. “पुढचं काम जातं.”

“आणि दूध कोण पितं, सर?”

सरांनी कीबोर्ड तिच्याकडे सरकवला. “मग तुझ्या सहीने पाठव.” हे तिचं पहिलंच स्वतंत्र काम होतं. तरी तिने लिहिलं:

‘आपण मंजूर केलेल्या आकृतीत वळवणारा व्हॉल्व्ह नळीच्या आधी होता. ही माझी चूक. आता व्हॉल्व्ह नळीनंतर आहे आणि त्याला हुकूम देणारा तापमापक नळीच्या शेवटी. बदल लाल वर्तुळात दाखवला आहे; बाकी काहीही बदललेले नाही. या बदलाला आपली लेखी मंजुरी हवी. ती मिळेपर्यंत या भागाचे काम सुरू करू नये. जुनी आकृती रद्द समजावी.’

तासाभराने फोन वाजला. तिने धीर करून उचलला.

“रुमानाताई, सही करत नाय मी.”

“चूक माझीच आहे, संपतराव, पण...”

“ती तुमची हाय, वाचलं की. पण जुन्या कागदावर न बघता सही ठोकली ती माझी. त्याचं पत्र कुणाला लिहू? आमच्या घरची पोरं हेच दूध पित्यात. उद्या वाघोलीला या. नळी कुठं, व्हॉल्व्ह कुठं, बोट ठेवून दाखवा. समजलं तरच सही.”

“सकाळी दहाला येते,” ती म्हणाली.

“नऊला या. वेल्डरलाबी बोलावतो, त्यानंबी कधी कागद वाचला नाय.”