पुरुषांच्या चपला

मृदुबेनच्या मसाला खाखऱ्याची जाहिरात सोशल मीडियावर टाकायचं काम माझ्याकडे आणि देवांगीकडे होतं; ती आम्ही सकाळी नवाच्या आत टाकायचो. ऑफिसला निघालेली माणसं ती बघायची, दुपारपर्यंत ऑर्डर द्यायची. हांडव्याच्या, म्हणजे डाळ-तांदळाच्या तिखट गुजराती केकच्या, पिठाकडे मात्र कुणी ढुंकून बघत नव्हतं.

खाखरा बाहेरून आणून पाकिटं भरायची, तो धंदा त्यांचा मुलगा चिराग अहमदाबादहूनही सांभाळू शकत होता. पीठ त्या स्वतः घरघंटीवर दळायच्या. "दिवाळीपर्यंत खपलं नाही तर घंटी बंद, तू माझ्याकडे ये," असं त्यानं बजावलं होतं. मृदुबेनना राजकोट सोडायचं नव्हतं. मला त्यांची काळजी वाटायची.

पोस्टच्या वेळा देवांगी ठरवायची. अहमदाबादेत शिकून आलेली, हुशार, जरा हट्टी.

"गृहिणी दुपारी अडीचला मोकळ्या असतात," ती म्हणाली. "आपले फॉलोअर कधी ऑनलाइन असतात तेही बघितलंय. जेवणाच्या सुट्टीत आलेख चढतोच."

"अगं, पण ते फॉलोअर खाखरावाले. सगळे ऑफिसातले. पीठ घेणाऱ्या बायका त्यात आल्याच कुठे?"

"मग त्यांना शोधायचं कुठे, भाभी?"



पिठाचे फोटो काढायला आम्ही मृदुबेनच्या सोसायटीत गेलो, ते नेमके दुपारी. प्रत्येक दारापुढे स्कूटर, उंबऱ्याशी पुरुषांच्या चपला. बाजार बंद करून सगळे जेवायला आलेले, आणि जेवून आडवे. मृदुबेननी ओठांवर बोट ठेवून आत घेतलं.

"हळू बोला. शेजारचे काका झोपलेत. त्यांची बायको गरम रोटल्या करता करता दमली, आता तीही पडलीय."

देवांगी दारातूनच त्या चपलांकडे बघत राहिली. मग माझ्याकडे वळली. "राजकोट आहे हे, भाभी. मी मेली अहमदाबादेच्या घड्याळावर चालले होते."

"उशिरा का होईना, जाग आली," मी म्हटलं.

पुरुष चारला दुकानात परततात. देवांगीनं दोन आठवडे एकाच धाटणीच्या पोस्ट कधी अडीचला, कधी साडेचारला टाकल्या. आसपासच्या बायकांपर्यंत पोचतील अशी थोडी जाहिरातही केली. साडेचारला चहाचा कप हातात, घर शांत. साडेचारच्या पोस्ट बायका जपून ठेवू लागल्या, व्हॉट्सअपवर विचारू लागल्या: आज रात्री भिजवलं तर उद्या हांडवा होईल ना? खाखऱ्याची जाहिरात आम्ही सकाळीच ठेवली.

दिवाळीच्या आधी एकदा आम्ही मृदुबेनकडे बसलो होतो. घरघंटी चालू होती, मोबाइलवर पिठाच्या ऑर्डरी येत होत्या. पावणेपाचला चिरागचा फोन आला. त्याची चहाची सुट्टी.

"मम्मी, सामान कधी बांधायचं?"

मृदुबेननी पिठाचा हात पदराला पुसला.

"आता नको बोलू, बेटा. ही माझ्या बायकांची वेळ आहे. रात्री फोन कर."