अनीशच्या नावाची शिष्यवृत्ती

दान करावं नि विसरून जावं म्हणतात. म्हणणाऱ्यांचं काय जातं? त्यांनी पोटच्या पोराच्या नावाने शिष्यवृत्ती ठेवलेली नसते. नलिनीबाईंनी ठेवली होती. शिल्पकला शिकणारा अनीश दोन वर्षांपूर्वी अपघातात गेला, आणि त्यांनी निवृत्तीचा फंड दांडिया बाजारातल्या एका ट्रस्टच्या हवाली केला. ट्रस्टची मंडळी भारी काटेकोर. पहिला हप्ता परस्पर कॉलेजच्या फीमध्ये जमा व्हायचा. दुसरा मात्र विद्यार्थ्याचं आभाराचं पत्र देणगीदाराने वाचून त्यावर सही केल्यावरच.

तेच पत्र घेऊन यंदा शिष्यवृत्ती मिळालेली शलाका बाईंच्या मांजलपूरच्या फ्लॅटवर आली. नलिनीबाईंनी तिला आग्रहाने सेवउसळ वाढली.

"बस ने काकू, खूप झालं!" ती गुजराती वळणाच्या मराठीत म्हणाली.

पण बाईंचा वेगळाच बेत होता. अपघाताच्या आधी अनीश कॉलेजच्या शिल्पकला विभागात मातीत त्यांचाच चेहरा करत होता. तो गेल्यावर त्या विभागाची पायरी चढायची त्यांची छाती झाली नव्हती. आता शलाकाला सोबत न्यायचं आणि तो चेहरा घरी आणायचा. टीव्हीशेजारचा कोपरा त्यांनी सकाळीच रिकामा केला होता. चष्मा लावून त्या पत्र वाचू लागल्या.

'आदरणीय काकू, मी शिल्पकला सोडून जाहिरातकला घेणार होते. माती विभागाची, फुकट मिळते. पण काम टिकवायचं तर त्याचा प्लास्टरचा साचा घ्यावा लागतो, आणि तो खर्च आपला. मला झेपत नव्हता. मार्क मिळाले की मी माझं काम मोडायची आणि माती पुन्हा हौदात भिजत टाकायची. रोज ओली फडकी गुंडाळली नाहीत तर मातीला तडे जातात. ज्याच्याकडे कुणी बघत नाही, ते काम विभागच मोडून हौदात टाकतो. तुमच्यामुळे फी भरली गेली आणि माझे शिकवणीचे पैसे प्लास्टरला उरले. मी शिल्पकलाच घेतली. माझ्या आजोबांचा चेहरा आता आमच्या घरात आहे.'

नलिनीबाई मधल्या एका ओळीवर परत गेल्या.

"शलाका, काम साच्याविना तसंच राहिलं, तर किती दिवस ठेवतात गं?"

"फार तर महिनाभर, काकू. दुसऱ्यांना माती लागते ने." मग तिने बाईंच्या तोंडाकडे पाहिलं. "अनीशदादांचं काही होतं?"

"माझा चेहरा."

शलाकाचे डोळे भरून आले. पत्र ओढून घेत ती म्हणाली, "मी दुसरं लिहून आणते, काकू. हे नको."

"राहू दे. खरं तेच लिहिलंयस, आणि छान लिहिलंयस." बाईंनी पत्र सोडवून घेतलं आणि खाली सही केली. पोरीचा हप्ता अडायला नको होता. पेन ठेवलं मात्र, आणि त्यांचा धीर सुटला. मुलगा गेला तेव्हासुद्धा चारचौघांत न रडलेली ही बाई त्या परक्या पोरीच्या खांद्यावर डोकं टेकून ओक्साबोक्शी रडली.

"चेहरा जमलाय आई, बघायला ये, म्हणून मागे लागला होता गं," त्या म्हणाल्या. "मी म्हटलं, आता कशाला? प्रदर्शनातच बघेन."