आणखी कोणी?

खाडीकाठच्या त्या गावात कितीतरी म्हाताऱ्या घरामागे आपलं आपलं रांधून खातात, हे पेण तालुक्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. तरीही "तुमच्या घरात कोणाची चूल वेगळी आहे का?" असं विचारल्यावर सगळ्या गावानं ‘नाय’ सांगितलं. सांगणारच. आईनं वेगळं शिजवणं म्हणजे मुलाच्या तोंडाला काळं, आणि प्रश्न वाचलेला अंगणात, शेजारपाजारच्यांना ऐकू जाईल असा.

हा प्रश्न सुरभीचा होता. ती रोह्याहून पेणला, शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थेत कामाला यायची. एकट्यानं रांधणाऱ्या म्हाताऱ्यांना संस्था दुपारचा डबा देणार होती. तो कोणाला द्यायचा, हे ठरवणारी पाहणी तिच्या गळ्यात पडली होती. त्याआधी अध्यक्ष दत्तात्रेय पाटलांनी स्वतः एक प्रश्न लिहून दिला होता. ‘आपल्या कुटुंबातील ज्येष्ठ सदस्यांच्या स्वतंत्र आहारव्यवस्थेबाबत...’ आणि पुढे आणखी तीन ओळी.

"ताई, हा वाचून होईस्तोवर म्हातारी झोपंल," पिंकी म्हणाली होती. पिंकी गावातलीच. घरोघर जाऊन प्रश्न वाचायचं काम तिचं.

दोन्ही प्रश्न आपटल्यावर सुरभीनं तिसरा लिहिला. अब्रूबद्दल काही विचारायचंच नाही, फक्त कालची गोष्ट विचारायची. "काल संध्याकाळी या घरच्या चुलीवरचं कोण कोण जेवलं? एकेक नाव सांगा." पिंकीनं तो जसाच्या तसा वाचायचा आणि गप्प राहायचं. नावं थांबली की एकदाच, "आणखी कोणी?" साठीच्या पुढच्या माणसानं काय खाल्लं आणि ते कोणी रांधलं, हे मग वेगळं जाऊन त्याचं त्यालाच विचारायचं. प्रश्न एका दमात वाचून होत होता. सुरभी स्वतःवर खूश होती.

नव्या प्रश्नाचं पहिलं घर हर्षदचं होतं. तो धाटावच्या कंपनीत कामाला, त्या दिवशी सुट्टीवर. पिंकीनं अंगणात प्रश्न वाचला.

"मी, बायको, दोन पोरं," हर्षद म्हणाला.

पिंकी गप्प. मग तिनं विचारलं, "आणखी कोणी?"

हर्षद जमिनीकडे बघत राहिला. कुंपणापलीकडे हौसाकाकू सुकट निवडत होती. तिला कसली पाहणी आणि कसला नियम. ती म्हणाली, "आयशीला मोजला नाय का रं?"

आजूबाजूच्या दोघीतिघी हसल्या. हर्षदचे कान लाल झाले. "आई," तो म्हणाला. "आई पण."

मागं पत्र्याच्या आडोशाला त्याची आई, इंदुबाई, बसली होती. शेजारी तीन दगडांची चूल, तिच्यात कालची राख. "काल संध्याकाळी तुम्ही काय जेवलात?" पिंकीनं वाचलं.

"भात. सुकटीचं कालवण."

"ते कोणी रांधलं?"

इंदुबाईनं मान वर केली. हर्षद कोपऱ्यावर येऊन उभा होता. "सूनबायनी," ती म्हणाली.

पिंकीनं सुरभीकडे पाहिलं. सांगितलं तेच लिहायचं, हा नियम सुरभीचाच होता. तिनं मानेनंच ‘लिही’ म्हटलं. पेणला परतताना तिला स्वतःची चीड आली. ‘वेगळं जाऊन’ असं लिहिलं होतं तिनं, पण कोणी ऐकत असेल तर काय करायचं ते लिहायला विसरली होती. रात्री तिनं ओळ वाढवली. घरचं कोणी जवळ असेल तर थांबा, पुन्हा या.

आठवड्यानं दोघी पुन्हा गेल्या. हर्षद शिफ्टला, सून पाण्याला गेलेली. पत्र्याखाली इंदुबाई होती. चूल नव्हती. दगड कुंपणापलीकडे फेकलेले आणि जागा शेणानं सारवून घेतलेली.

"त्याच रातीला काढली गो," इंदुबाई म्हणाली. "म्हनला, लोकांनी हसायला नको. आता तुझा तांदूळ आमच्यातच."

पिंकीला वाचवेना. प्रश्न सुरभीनं विचारला, जसाच्या तसा. "काल संध्याकाळी तुम्ही काय जेवलात?"

"काल काय उरला नाय."

पुढचा प्रश्न होता, ते कोणी रांधलं. सुरभीनं कागद मिटला. डबा वेगळी चूल असणाऱ्याला. या म्हातारीची चूल गेल्या आठवड्यापर्यंत वेगळी होती, आणि एका चांगल्या प्रश्नानं ती मोडली होती.

"आजी, मी अध्यक्षांशी भांडते. तुमचं नाव घालते."

इंदुबाईनं तिचा हात धरला. हात हलका, पण सोडेना.

"नको गो बाय. डबा आला तर गाव पुन्हा हसंल. तवा चूल होती, ती मोडली. आता मोडायला मीच उरलीय."

बाहेर हंड्याचा आवाज आला. सून आली होती. इंदुबाईनं हात सोडला आणि मोठ्यानं, अंगणात ऐकू जाईल असं म्हणाली, "लिव गो. भात. सूनबायनी रांधला."